ग्रीक भाषेतील उद्देशदर्शक व परिणामदर्शक तुमन्त आणि मराठी वाक्याची अडचण

इ. स. पू. ४३१ च्या उन्हाळ्यात अथेन्सने ईजायना बेटावरील रहिवाशांना बायकामुलांसह बेटाबाहेर घालविले. या निर्वासितांना स्पार्टाने थिरिआ हा प्रदेश दिला. लॅकोनिया आणि आर्गोस यांच्या सीमेवरचा, समुद्रापर्यंत पोचणारा हा मुलूख होता. ही हकीकत थ्युसिडिडीझच्या दुसऱ्या पुस्तकात येते आणि तेथे तो ‘दिला’ या क्रियापदापुढे दोन तुमन्त ठेवतो : एक ‘ओइकेइन’ म्हणजे राहणे या धातूचा, दुसरा ‘नेमेस्थाइ’ म्हणजे जमिनीची वहिवाट करणे या धातूचा. मराठीत हे वाक्य आणताना भाषांतरकारास फारसे श्रम पडत नाहीत. स्पार्टाने त्यांना थिरिआ राहावयास आणि तेथील जमीन कसावयास दिली, एवढे म्हटले की काम झाले.

हे इतके सहज का व्हावे, याचे कारण दोन्ही भाषांच्या इतिहासात आहे. ग्रीक तुमन्त हे मुळात क्रियावाचक नामाचे विभक्तिरूप होय. होमरच्या भाषेत ‘-मेनाइ’ या प्रत्ययाची जी रूपे आढळतात, त्यांचा संबंध तौलनिक व्याकरणकार वैदिक ‘-मने’ या चतुर्थ्यन्त रूपांशी जोडतात. ग्रीक ‘इद्मेनाइ’ आणि वैदिक ‘विद्मने’ ही जोडी या संदर्भात नेहमी दाखविली जाते. ‘जाणण्यासाठी’ हा चतुर्थीचा अर्थ त्या रूपातच होता. पुढे ग्रीकांना विभक्तीची जाणीव राहिली नाही, रूप गोठले. परंतु देणे, पाठविणे, नेमणे, मागे ठेवणे अशा क्रियापदांच्या शेजारी तो जुना अर्थ टिकून राहिला. मराठीत ‘राहावयास’ हे रूप याच वळणाचे आहे. ‘-आवया’ हे सामान्यरूप आणि त्यापुढे ‘स’ हा चतुर्थीचा प्रत्यय. बोलण्यात त्याचेच ‘राहायला’ झाले. म्हणून ‘राहायला जागा दिली’, ‘प्यायला पाणी दिले’ ही रोजची मराठी वाक्ये आणि थ्युसिडिडीझचे वाक्य यांची ठेवण एकच आहे.

या साम्याचा एक परिणाम इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेतला पाहिजे. ‘राहावयास दिले’ असे म्हटल्याने ते लोक तेथे राहिले असे विधान होत नाही. ग्रीक तुमन्तानेही ते होत नाही. थ्युसिडिडीझला ते स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि तो ते लगेच पुढे सांगतोही : त्यांच्यापैकी काही थिरिआत स्थायिक झाले व बाकीचे ग्रीसमध्ये इतरत्र पांगले. पहिल्या वाक्याचे भाषांतर कोणी ‘स्पार्टाने थिरिआ दिले व ते तेथे राहू लागले’ असे केले, तर पुढचे वाक्य त्यास लागलीच खोटे पाडील. तुमन्त घटनेविषयी मौन पाळते. उद्देशाच्या बाबतीत मराठीलाही हे मौन पाळता येते. खरी अडचण परिणामाच्या बाबतीत येते, कारण तेथे मराठीची नित्याची रचना मौन पाळू देत नाही.

परिणाम सांगण्यासाठी ग्रीक भाषा मुख्यतः ‘होस्ते’ हे अव्यय वापरते. होमरमध्ये तुलनेसाठी ते वारंवार येते. पण तुमन्ताबरोबर फक्त दोनदा, एकदा इलियडच्या नवव्या सर्गात व एकदा ओडिसीच्या सतराव्या सर्गात. होमरकाळी नुसते तुमन्तच पुरेसे होत असल्यामुळे या जोडीची गरज पडत नव्हती, असे यावरून दिसते. पाचव्या-चौथ्या शतकांतील अ‍ॅटिक गद्यात मात्र ‘होस्ते’ स्थिरावते आणि त्याच्या दोन रचना स्पष्टपणे वेगळ्या होतात. ‘होस्ते’पुढे निश्चयार्थी क्रियापद आले, तर परिणाम प्रत्यक्ष घडला असे लेखक स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो. पुढे तुमन्त आले, तर अमुक गोष्टीतून अमुक निष्पन्न होण्याजोगे आहे, एवढेच तो सांगतो. ते घडले की नाही हा प्रश्न उघडा राहतो. घडलेलेही असू शकते. गुडविनने १८६० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा भेद मांडला आणि नंतरच्या व्याकरणांनी तो बहुतेक तसाच स्वीकारला. नकाराचे अव्ययही या भेदाची साक्ष देते. निश्चयार्थी क्रियापदाबरोबर ‘ऊ’ येते, तुमन्ताबरोबर सामान्यतः ‘मे’ येते. पहिले अव्यय वस्तुस्थितीचा नकार करते, दुसरे इच्छेचा, कल्पनेचा किंवा अटीचा.

मराठीत परिणाम सांगण्याची नित्याची रीत ‘इतका... की’ ही आहे, आणि ‘की’नंतर पूर्ण क्रियापद लागते. ‘पाऊस इतका पडला की पूल वाहून गेला’ या वाक्यात पूल गेलाच. ग्रीक ‘होस्ते’ दिसताच हात आपोआप ‘इतका... की’कडे वळतो, आणि येथेच भाषांतरकार नकळत इतिहासकार होऊन बसतो. मूळ लेखकाने न सांगितलेली घटना तो घडवितो.

झेनोफनच्या आनाबासिसमधील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इ. स. पू. ४०१ मध्ये धाकटा सायरस आपल्या भावाविरुद्ध, म्हणजे इराणच्या सम्राटाविरुद्ध, सैन्य घेऊन निघाला. सीरियाच्या किनाऱ्यावर मिरिआन्डस हे फिनिशियन लोकांचे व्यापारी बंदर होते. तेथे सैन्याचा मुक्काम सात दिवस पडला. या मुक्कामात आर्केडियाचा झेनियास आणि मेगाराचा पासिओन हे दोन ग्रीक सेनानी आपल्या मौल्यवान चीजवस्तू एका गलबतावर चढवून निघून गेले. त्यांचे काही सैनिक क्लिआर्कसकडे गेले होते व सायरसने ते त्याच्याकडेच राहू दिले होते. या अपमानामुळे ते गेले असावेत असा बहुतेकांचा तर्क होता. सायरस त्रिवल्ही युद्धनौका घेऊन त्यांचा पाठलाग करीत असल्याची आवई छावणीत उठली. ते भित्रे पकडले जावेत असे काहींना वाटे, तर काहींना त्यांची कीव येई.

तेव्हा सायरसने सेनानींना एकत्र बोलाविले. त्याच्या भाषणाचा आशय असा. ते आपल्याला सोडून गेले आहेत, पण आपल्या हातून सुटलेले नाहीत. कोठे गेले हे आपणास ठाऊक आहे, आणि त्यांचे गलबत पकडण्याजोग्या युद्धनौका आपल्यापाशी आहेत. तरीही आपण पाठलाग करणार नाही. माणूस जवळ असेपर्यंत त्याचा उपयोग करून घ्यावयाचा व तो जाऊ लागला की त्याला धरून छळावयाचे, लुबाडावयाचे, असे आपल्याविषयी कोणी म्हणू नये. त्यांची बायकामुले त्राल्लेस येथे पहाऱ्यात होती; तीही त्यांना परत मिळतील, असे त्याने सांगितले.

यातील युद्धनौकांच्या वाक्यात ‘होस्ते’ आहे आणि पुढे ‘हेलेइन’, म्हणजे ‘पकडणे’चे तुमन्त. एखाद्या विद्यार्थ्याने ठरीव पद्धतीने त्याचे भाषांतर केले, तर ‘माझ्यापाशी इतक्या युद्धनौका आहेत की मी त्यांचे गलबत पकडले’ असे काहीतरी निष्पन्न होईल. हे व्याकरणदृष्ट्या मराठी आहे, पण प्रसंगाच्या नेमके विरुद्ध आहे, कारण त्या नौका किनाऱ्यावरून हललेल्याच नाहीत. सायरसला हेच म्हणावयाचे असते, तर ग्रीकमध्ये तुमन्ताच्या जागी ‘हेइलोन’ हे निश्चयार्थी भूतकाळाचे रूप आले असते. ‘पकडीन’ असा भविष्यकाळ घातल्यानेही प्रश्न सुटत नाही. त्यातून धमकीचा ध्वनी निघतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘पण मी पाठलाग करणार नाही’ आले म्हणजे सायरस स्वतःचेच बोलणे खोडून काढीत आहे असे वाटते. मूळात तो काहीही खोडीत नाही. आपल्यापाशी सामर्थ्य आहे हे तो प्रथम सांगतो आणि मग ते न वापरण्याचे औदार्य दाखवितो. या उदारपणाचा लाभही त्याला झाला. मोहिमेविषयी ज्यांचा उत्साह कमी होता, ते ग्रीकही हे ऐकल्यावर अधिक खुषीने पुढे चालू लागले, असे झेनोफन नोंदवितो. सामर्थ्य आणि त्याचा वापर यांतील हे अंतर तुमन्तानेच राखले आहे. ते बुजले, तर भाषणाचा प्राण गेला.

मराठीला हे अंतर राखता येत नाही असे मात्र नाही. ‘त्यांचे गलबत पकडता येईल अशा युद्धनौका माझ्यापाशी आहेत’ ही एक रचना, आणि ‘त्यांचे गलबत पकडण्याजोग्या’ किंवा ‘पकडण्याइतक्या युद्धनौका’ ही दुसरी. दुसरीत क्रियावाचक नाम आहे आणि त्याला जोडलेला शब्द केवळ योग्यता किंवा प्रमाण दाखवितो. म्हणून ती ग्रीक तुमन्ताच्या अधिक जवळची वाटते. ‘-इतक्या’ने संख्येवर भर येतो व ‘-जोग्या’ने गुणावर. येथे प्रश्न नौका किती हा नसून त्या वेगवान आहेत हा असल्यामुळे ‘-जोग्या’ अधिक बरे. शब्दक्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. ‘इतका... की’ या रचनेत परिणाम मुख्य वाक्यानंतर येतो व त्यास स्वतंत्र वाक्याचे बळ मिळते. ‘-ण्याजोगा’ या रचनेत तो नामाच्या आधी, विशेषणाच्या जागी जातो व त्याचे बळ ओसरते. ग्रीक शब्दक्रम पहिल्या रचनेसारखा दिसत असला, तरी अर्थाने तो दुसऱ्या रचनेचा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमावर विसंबणारे भाषांतर येथे फसते.

‘होस्ते’ व तुमन्त यांचा आणखी एक उपयोग कराराच्या अटी सांगण्याकडे होतो. इ. स. पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी शहर अथेन्सच्या सेनापतीला, पाखेसला, शरण गेले. तहाच्या अटी थ्युसिडिडीझने तिसऱ्या पुस्तकात ‘होस्ते’पुढे तुमन्तांची मालिका रचून दिल्या आहेत : मिटिलीनीचे काय करावयाचे ते ठरविण्याचा अधिकार अथेन्सकरांना असावा, नगरवासीयांनी सैन्यास आत घ्यावे, त्यांनी आपले वकील अथेन्सला पाठवावेत, आणि ते परत येईपर्यंत पाखेसने कोणाही मिटिलीनीकरास बांधू नये, गुलाम करू नये, ठार मारू नये. शेवटच्या तीनही तुमन्तांशी ‘मे’ या जातीची नकारार्थी अव्यये आहेत. येथे मराठीतील ‘नये’ जणू त्याच कामासाठी घडविलेले आहे. ‘बांधू नये’ ही अट झाली. ‘बांधले नाही’ ही घटना झाली. ग्रीक ‘मे’ आणि ‘ऊ’ यांच्यामधील भेद मराठी ‘नये’ आणि ‘नाही’ या भेदाने पुष्कळदा उतरविता येतो, ही गोष्ट संस्कृत व्याकरणाच्या चौकटीतून ग्रीककडे पाहणाऱ्यांच्या सहसा नजरेत येत नाही. मिटिलीनीच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण अटी काय होत्या आणि प्रत्यक्षात काय झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्पार्टाच्या बाजूचे पुढारी भयाने वेदींचा आश्रय घेऊन बसले, तेव्हा पाखेसने त्यांना तेथून उठविले व अथेन्सचा निर्णय होईपर्यंत टेनेडॉस बेटावर ठेवले. हे थ्युसिडिडीझ पुढे निश्चयार्थी क्रियापदांनी सांगतो. अटींचे तुमन्त भाषांतरकाराने घटनांत आधीच रूपांतरित केलेले असतील, तर पाखेसच्या वर्तनाची अटींशी तुलना करणेच वाचकास अशक्य होते.

अ‍ॅटिक गद्यातील हा रेखीव भेद पुढच्या शतकांत सैल पडला. नव्या करारातील ग्रीकमध्ये ‘होस्ते’ या आश्रित वाक्यानंतर निश्चयार्थी क्रियापद अवघे दोनदा येते, एकदा योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात व एकदा गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात. बाकी सर्वत्र तुमन्त आहे. साहजिकच तुमन्तास दोन्ही कामे करावी लागतात. मत्तयाच्या आठव्या अध्यायातील वादळात तारू लाटांखाली झाकले जाते ते तुमन्तानेच सांगितले आहे, आणि तेथे ते खरोखर झाकले जात होते. तुमन्त वर्तमान प्रकाराचे असल्यामुळे मराठीत ‘झाकले’ यापेक्षा ‘झाकले जाऊ लागले’ हे अधिक नेमके होईल.

लूकच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग याच्या उलट आहे. नासरेथच्या सभास्थानातील लोक येशूच्या बोलण्याने संतापतात, त्याला नगराबाहेर काढतात, आणि नगर ज्या डोंगरावर वसले होते त्याच्या कड्यापर्यंत नेतात. पुढे ‘होस्ते’ आणि कड्यावरून लोटणे या धातूचे तुमन्त. त्यानंतरच्याच वाक्यात तो त्यांच्यामधून निघून जातो. रूपाने परिणामदर्शक असलेली ही रचना अर्थाने उद्देशदर्शक आहे. योजलेला, पण न घडलेला परिणाम असे तिला म्हणता येईल. प्राचीन लेखनिकांनाही ही रचना खटकली असावी. सिनाई व व्हॅटिकन येथील चौथ्या शतकातील प्रतींत ‘होस्ते’ आहे. नंतरच्या बहुसंख्य प्रतींत मात्र त्या जागी ‘एइस तो’ असा पाठ आढळतो, आणि ही रचना उद्देश अधिक उघडपणे दाखविते. सोळाव्या शतकापासून छापल्या गेलेल्या रूढ ग्रीक संहितेत हाच सोपा पाठ होता. १८११ साली श्रीरामपूरहून व १८२६ साली मुंबईहून नव्या कराराची मराठी भाषांतरे प्रसिद्ध झाली, तेव्हा हीच संहिता सर्वत्र प्रमाण मानली जात होती. त्यामुळे ‘लोटण्याकरिता नेले’ असे लिहिण्यास त्या भाषांतरकारांना कोणतीच अडचण नव्हती. वेस्टकॉट आणि हॉर्ट यांच्या १८८१ च्या संहितेत ‘होस्ते’ मूळ पाठाच्या जागी आले, आणि प्रश्न खऱ्या अर्थाने त्यानंतर उभा राहिला. उत्तर मात्र बदलत नाही : ‘कड्यावरून लोटण्यास नेले’. मराठीचे जुने चतुर्थ्यन्त रूप येथेही उपयोगी पडते, कारण त्यात हेतू आहे व घटनेचे विधान नाही.

तथापि ‘एइस तो’ नेहमीच इतके सरळ असते असे समजू नये. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, विसाव्या वचनात, पौल असे प्रतिपादन करतो की ईश्वराचे अदृश्य गुण सृष्टीच्या निर्मितीपासून तिच्यातील वस्तूंवरून स्पष्ट दिसत आलेले आहेत. आणि वाक्याच्या शेवटी ‘एइस तो’ व ‘असणे’चे तुमन्त वापरून माणसे निरुत्तर असल्याचे सांगतो. हा उद्देश की परिणाम? उद्देश मानला, तर ईश्वराने आपले दर्शन दिले ते माणसांची सबब हिरावून घेण्यासाठी, असे होते. परिणाम मानला, तर दर्शन कृपेने दिलेले होते आणि माणसांनी त्याकडे पाठ फिरविल्यामुळे त्यांना सबब उरली नाही, असे होते. चौथ्या शतकात जन्मलेला क्रिसोस्टोम, ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, त्याने या पत्रावरील प्रवचनांत हा प्रश्न उपस्थित करून दुसरा पक्ष घेतला : ईश्वराचा हेतू माणसांनी त्याला ओळखावे हा होता, सबब काढून घेणे हा नव्हता. ग्रीक श्रोत्यांपुढेही हा खुलासा करावा लागला, यावरून तुमन्तातील संदिग्धता ही केवळ परकीय वाचकाची अडचण नव्हती हे दिसते. सोळाशे अकराच्या इंग्रजी भाषांतराने परिणाम पत्करला. १८८१ च्या सुधारित आवृत्तीने मजकुरात उद्देश घेतला आणि परिणामाचा पर्याय समासात छापला.

मराठीत हे दोन अर्थ समोरासमोर ठेवले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. उद्देशार्थी वाक्य असे : ‘त्यांना सबब उरू नये म्हणून हे प्रकट आहे.’ परिणामार्थी वाक्य असे : ‘हे प्रकट आहे, म्हणून त्यांना सबब उरत नाही.’ दोहोंत अव्यय एकच, ‘म्हणून’. मराठी व्याकरणकार त्याची गणना उद्देशबोधक अव्ययांतही करतात आणि परिणामबोधकांतही. ‘एइस तो’प्रमाणेच हा शब्दही स्वतः निर्णय देत नाही. निर्णय देतात ते त्याचे वाक्यातील स्थान आणि ‘नये’ किंवा ‘नाही’ हे क्रियापद. ग्रीक वाक्यात ही दुसरी खूण नाही. तुमन्ताला अर्थ नाहीत, काळाची निश्चिती नाही, पुरुष नाही. पौलाच्या वाक्यात नकारार्थी अव्ययही नाही, कारण ‘निरुत्तर’ हा नकार विशेषणातच सामावलेला आहे. तेव्हा अव्यय कितीही संदिग्ध असले, तरी मराठी क्रियापद भाषांतरकाराला एका बाजूस उभे राहावयास लावते.

यातून मार्ग म्हणून ‘त्यांना निरुत्तर करण्याइतके हे प्रकट आहे’ अशी रचना सुचविता येईल. सायरसच्या नौकांच्या बाबतीत तिच्या भावंडाने काम भागविले होते. येथे मात्र ती मूळात नसलेले काहीतरी आणते. ‘-इतके’ हा प्रमाणाचा शब्द आहे. त्यामुळे ईश्वर किती प्रमाणात प्रकट आहे हा नवाच विचार वाक्यात शिरतो. ‘होस्ते’मध्ये प्रमाणाची छटा पुष्कळदा असते, ‘एइस तो’मध्ये दिशेची असते. ‘निरुत्तर होण्याकडे’ असे म्हणून ती दिशा शब्दशः दाखविता येईल, पण असे वाक्य मराठीत चालत नाही. मजकुरात एक अर्थ ठेवून दुसरा तळटीपेत देणे, ही १८८१ च्या आवृत्तीची पद्धतच मराठी भाषांतरकारासाठी उरते. आणि मजकुरात कोणता ठेवावा याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही, ते पौलाच्या पुढील तीन वाक्यांत शोधावे लागते. तेथे ‘कारण’ अशा अर्थाच्या अव्ययाने सुरुवात होऊन, ईश्वराची ओळख असूनही माणसांनी त्याचा गौरव केला नाही, हे निश्चयार्थी भूतकाळात सांगितले आहे.